यूट्यूबवर व्हिडिओ चढला, मग "Checks"वर का अडकतो?

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मामा, अजून फिरतंयच की! पब्लिश मारू का?" त्याच्या गावच्या जत्रेतल्या कुस्ती मैदानाचा अडतीस मिनिटांचा व्हिडिओ. निकाली कुस्ती संपून पाच तास झालेले, आणि शेजारच्या पोराने मोबाईलवर घेतलेला तुकडा आधीच सगळ्या ग्रुपवर फिरत होता. त्याची घाई मला कळत होती. तरी म्हटलं, थांब.

मी तासगावला लग्नाचं, जत्रेचं शूटिंग करतो आणि चार जणांचे यूट्यूब चॅनेल सांभाळतो. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी एक घोळ सोडवू. लोक ज्याला "चेकला वेळ लागतोय" म्हणतात, तो बहुतेक वेळा चेक नसतोच. भाच्याची फोर-के फाईल नऊ जीबीची होती आणि गावात अपलोडचा स्पीड मिळतो पाच एमबीपीएस. नऊ जीबी म्हणजे साधारण बहात्तर हजार मेगाबिट. पाचाने भागा, चार तास होतात. हा वेळ निव्वळ रस्त्याचा. तीच फाईल १०८० मध्ये बारा एमबीपीएसने काढली असती तर साडेतीन जीबीच्या आत बसली असती आणि दीड तासात चढली असती. मोबाईलवर कुस्ती बघणाऱ्याला दोन्हीतला फरक कळत नाही, हे माझं मत. भाच्याला ते अजून पटलेलं नाही.

फाईल पोचली की यूट्यूब तिची आधी कमी दर्जाची प्रत तयार करतं, एचडी आणि फोर-के प्रती मागाहून होतात. ती पहिली प्रत झाल्यावर "Checks" म्हणजे दोन तपासण्या सुरू होतात, एक कॉपीराइटची आणि दुसरी जाहिरातींची. तिथून पुढे बहुतेक वेळा काही मिनिटांचंच काम, पण व्हिडिओ लांब असेल तर जास्त.

आता या दोन तपासण्या. दोन्ही एकाच पडद्यावर दिसतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात. पण पहिलीत विचारलं जातं, "यात दुसऱ्याचा माल आहे का?" आणि दुसरीत, "याच्या शेजारी आपली जाहिरात दिसलेली कंपन्यांना चालेल का?" पहिली सगळ्यांना लागते. दुसरी फक्त ज्यांच्या चॅनेलवर जाहिरातीचे पैसे सुरू झालेत त्यांना.

कॉपीराइटचं काम कंटेंट आयडी नावाची यंत्रणा करते, २००७ पासून. गाण्यांच्या, चित्रपटांच्या मालकांनी आपापला माल यूट्यूबकडे नमुना म्हणून जमा केलेला असतो. तुमच्या व्हिडिओच्या आवाजाचा आणि चित्राचा ठसा काढून तो त्या ढिगाऱ्याशी ताडला जातो. ठसा म्हणजे अख्खा आवाज नव्हे. कुठल्या क्षणी कुठले सूर उठून दिसतात, त्याची खूण. म्हणूनच मैदानावर हजार माणसं ओरडत असली तरी मागच्या कर्ण्यावरचं गाणं सापडतं. आणि अडतीस मिनिटांत गाणं कुठेही असू शकतं, त्यामुळे पहिला मिनिट बघून पास करता येत नाही.

भाच्याच्या व्हिडिओत ते सापडलंच. सतराव्या मिनिटाला दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळेत मंडपवाल्याने सिनेमातलं गाणं लावलेलं, पंचेचाळीस सेकंद. भाच्याची छाती धडधडायला लागली. "मामा, स्ट्राइक आला!" स्ट्राइक नव्हता तो. तो क्लेम. मालकाने हक्क सांगितला, एवढंच. पुढे काय करायचं ते मालकाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं: व्हिडिओ अडवायचा, त्यावरच्या जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे, की नुसतं लक्ष ठेवायचं. स्ट्राइक ही वेगळी गोष्ट. मालकाने रीतसर कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ उतरवायला लावला की तो येतो, आणि नव्वद दिवसांत असे तीन झाले तर चॅनेलच जाण्याची वेळ येते.

इथे थांबण्याचा फायदा बघा. व्हिडिओ अजून लोकांपुढे गेलेला नव्हता. यूट्यूब स्टुडिओत तो तुकडा कापायचा, गाणं बंद करायचं किंवा दुसरं घालायचं, असे तीन रस्ते मिळतात. गाणं बंद केलं असतं तर त्या वेळचं निवेदन जाण्याचा धोका होता. आणि निवेदक त्यात बक्षिसाची रक्कम सांगत होता! पण तीच रक्कम पुढे पुन्हा सांगितलेली सापडली, म्हणून तुकडाच कापला. पब्लिश आधी दाबलं असतं तर सुरुवातीच्या गर्दीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे गेले असते. जत्रेच्या व्हिडिओला गर्दी पहिल्या दोन दिवसांचीच.

मग दुसरी तपासणी. आधी आपणच एक प्रश्नावली भरतो: शिव्या आहेत का, हिंसा आहे का, नशा आहे का. भाच्याने न वाचता सगळीकडे "नाही" ठोकलं. त्यानंतर यंत्र व्हिडिओच्या जोडीला शीर्षक आणि थंबनेलही तपासतं. उत्तर आलं पिवळ्या डॉलरचं, म्हणजे जाहिराती कमी किंवा अजिबात नाहीत. कुस्तीमुळे असेल असं मला वाटलं नाही, खेळातली झटापट चालते. मी थंबनेल उघडलं. नाकातून रक्त आलेल्या पैलवानाचा चेहरा पडदाभर, आणि वर शीर्षक "रक्तबंबाळ झाला तरी सोडलं नाही". व्हिडिओत ते रक्त चार सेकंदांचं, पंचांनी लगेच पुसायला लावलेलं.

थंबनेलला घिस्सा डावाचा फोटो लावला, शीर्षक साधं केलं, प्रश्नावलीत हिंसेच्या रकान्यात खरं उत्तर दिलं. ते खरं देण्यात आपलाही फायदा असतो, कारण तुमची उत्तरं वेळोवेळी बरोबर निघाली की यूट्यूब त्यांच्यावर जास्त विसंबतं. मग माणसाकडून फेरतपासणी मागितली. तिला सात दिवसांपर्यंत लागू शकतात आणि तो निकाल शेवटचा, म्हणून दुरुस्ती आधी करायची आणि अर्ज नंतर. आमचा डॉलर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिरवा झाला. तोवर व्हिडिओ "Unlisted" ठेवला होता. गावातल्या चार जणांना लिंक दिली, त्यांचं समाधान झालं.

आता "No issues found" दिसलं म्हणजे जन्मभराचा दाखला मिळाला असं समजू नका. त्याचा अर्थ, आज ढिगाऱ्यात काही जुळलं नाही. उद्या एखाद्या कंपनीने नवा नमुना जमा केला की जुने व्हिडिओही त्याच्याशी ताडले जातात. माझ्याच एका जुन्या मैदानाच्या व्हिडिओवर चार महिन्यांनी क्लेम आला. कशावर, तर हलगीवर! बावीस सेकंद. कुठल्यातरी कंपनीने आपल्या ध्वनिमुद्रणात तोच ठेका घेतलेला. हलगीचा ठेका कुणाच्या बापाचा नाही, हक्क असतो तो त्या ठरावीक ध्वनिमुद्रणावर. आणि माझ्या व्हिडिओतली हलगी आमच्या गावच्या तात्यांनी माझ्या कॅमेऱ्यापुढे वाजवलेली.

तिसऱ्या दिवशी हेच कारण लिहून वाद नोंदवला. पाच दिवसांच्या आत नोंदवला की क्लेम आल्या दिवसापासूनचे पैसे कुणालाच न देता बाजूला ठेवतात. समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, क्लेम आपोआप सुटला आणि अडकलेले एकशे चौऱ्याहत्तर रुपये माझ्या खात्यात आले. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "वाजवलं मी, मग पैसं तुला कसं?" शंभर त्यांना दिले, उरलेल्याची दोघांनी भेळ खाल्ली.