फोनवरून फोन चार्ज करताना केबलला दिशा नसते

फिरणारा मेसेज: ‘टाइप-सी फोन असेल तर पॉवर बँक विसरा. केबलचं जे टोक आधी लावाल तो फोन चार्जिंग देतो, दुसरा घेतो. अर्ध्या तासात दुसरा फोन ५० टक्के. इयरबड्स तर कुठलेही चालतात.’

पहिली गोष्ट टोकाची. सी-टू-सी केबलची दोन्ही टोकं सारखीच असतात. कोण देणार आणि कोण घेणार हे दोन फोन कनेक्टरमधल्या सीसी नावाच्या पिनवरून आपसात ठरवतात. दोघंही दोन्ही कामं करू शकत असतील तर निकाल कसाही लागतो. ५ टक्के उरलेला फोनच ८० टक्केवाल्याला चार्ज करायला लागलाय, असंही होतं. म्हणून केबल लावल्यावर चार्जिंगची खूण कुठल्या फोनवर दिसते ते आधी बघा. उलटं झालं असेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये यूएसबीच्या नोटिफिकेशनवर टॅप करून, ज्याने द्यायचंय त्या फोनवर `Charge connected device` निवडता येतं. टाइप-सी असलेले दोन आयफोन जोडले तर कमी चार्ज असलेल्याला मिळतं.

आता ५० टक्क्यांचं. फोन दुसऱ्याला किती वीज देऊ शकतो याला मर्यादा असते. आयफोन १५ पासून अ‍ॅपलने ती ४.५ वॉट ठेवली आहे, आणि अनेक अँड्रॉइड फोन याच्या आसपास किंवा याहून कमी देतात. घेणाऱ्याची बॅटरी ५००० एमएएच, म्हणजे साधारण १९ वॉट-तासांची धरा. ४.५ वॉटने अर्ध्या तासात जातात सव्वादोन वॉट-तास. त्यातलं काही दोन्ही फोनच्या सर्किटमध्ये उष्णता होऊन जातं. हाती लागतात जेमतेम दहा टक्के, तेही घेणाऱ्याचा स्क्रीन बंद असेल तर. स्क्रीन आणि हॉटस्पॉट चालू ठेवलात तर आकडा हलतसुद्धा नाही. फास्ट चार्जिंगची केबल वापरून यात फरक पडत नाही, कारण मर्यादा देणाऱ्या फोनची आहे. एक फोन करण्यापुरतं किंवा यूपीआयने पैसे देण्यापुरतं हे उत्तम, आणि तेवढ्यासाठी मी स्वतः हे खुशाल सुचवीन.

इयरबड्ससाठी मात्र ही सोय खरोखर कामाची आहे. केसची बॅटरी ५०० एमएएचची असली तरी ती पूर्ण भरायला मोठ्या फोनचे दहा-बारा टक्केच जातात. पण ‘कुठलेही’ हे खोटं. काही स्वस्त केसमध्ये सीसी पिनवरचा ५.१ किलोओमचा रेझिस्टर बसवलेलाच नसतो. तो नसला की पलीकडे काही जोडलंय हे फोनला कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. ओळखायचं कसं? असा केस सी-टू-सी केबलने टाइप-सी चार्जरवरही चार्ज होत नाही, जुन्या चौकोनी पोर्टच्या चार्जरवर मात्र लगेच होतो. तेव्हा फोनला ओटीजी अडॅप्टर लावा आणि त्यात केसची जुनी ए-टू-सी केबल घाला. अडॅप्टरमध्ये तो रेझिस्टर असतो. काही फोनमध्ये त्याआधी सेटिंग्जमधून ओटीजी चालू करावं लागतं, आणि वापर नाही असं वाटलं की दहा मिनिटांत ते आपोआप बंदही होतं. केसचा दिवा मध्येच विझला तर आधी तिथे बघा.