सीओडी ९९२ आणि हिरवी बाटली

«वडोदऱ्यातल्या आमच्या रंग-कारखान्याच्या सांडपाण्याचा सीओडी ९९२ आला. म्हणजे हजाराच्या आतच आहे ना?»

नाही. सीओडी म्हणजे पाण्यातल्या घाणीचं ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन, आणि चाचणीत ते काम नारिंगी डायक्रोमेट करतं. उकळल्यावर फ्लास्कमधलं मिश्रण हिरवं झालं असेल, तर डायक्रोमेट संपलं. मग हा आकडा पाण्याचा नाही, डायक्रोमेटचा. २० मिली नमुन्यात ०.२५ नॉर्मल डायक्रोमेट १० मिली घातलं, की उरलेलं डायक्रोमेट मोजायला कोऱ्या पाण्याला ०.१ नॉर्मल एफएएस, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट, साधारण २४.८ मिली लागतं. नमुन्याला शून्य लागलं तर २४.८ × ०.१ × ८००० ÷ २० = ९९२. यापुढे ही पद्धत मोजूच शकत नाही, मग पाणी कितीही घाण असो.

नमुना दहापट पातळ करा. समजा आता १२.३ मिली लागलं: फरक १२.५, सीओडी ५००, दहाने गुणून ५००० मिलीग्रॅम प्रतिलिटर. उकळताना रंग पिवळा-नारिंगी राहिला पाहिजे. हिरवा दिसताच तो फ्लास्क बाद. वरून डायक्रोमेट ओतून तो वाचत नाही.