बांधणं सुरक्षित असतं का? एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

‘‘डिमेन्शिया झालेल्या आईवडिलांचे किंवा घरातल्या मानसिक रुग्णाचे हात रात्री बांधून ठेवणं हाच सर्वांत सुरक्षित उपाय आहे. संमतीपत्रावर घरच्यांची सही असली की कायद्याची काही अडचण येत नाही. माणसं कमी असताना हॉस्पिटल किंवा वृद्धाश्रम दुसरं करणार तरी काय? उगाच अपराधी वाटून घेऊ नका.’’

आधी सुरक्षिततेचं बोलू, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

म्हातारं माणूस पडलं तर खुब्याचं हाड मोडतं, ही भीती खरी आहे. पण बांधल्याने पडणं थांबतं हे गृहीत धरलंय, ते टिकत नाही. अमेरिकेत नर्सिंग होममध्ये ज्येष्ठांना खुर्चीला, पलंगाला बांधणं पूर्वी सर्रास चालायचं. 1987च्या कायद्याने त्यावर बंधनं आली आणि बांधण्याचं प्रमाण खूप घटलं, पण त्यामुळे गंभीर दुखापती वाढल्या नाहीत. कारण सरळ आहे. बांधलेलं माणूस सुटण्यासाठी धडपडतं. पलंगाचे कठडे वर असतील तर त्यावरून चढून जातं, आणि मग जास्त उंचीवरून पडतं. कमरेचा पट्टा सरकून मान अडकल्याने माणसं दगावली आहेत. शिवाय काही दिवस हालचाल थांबली की मांड्यांचे स्नायू उतरतात, आणि सोडल्यावर तोल आधीपेक्षा वाईट झालेला असतो.

जे दिसत नाही ते अधिक घातक असतं. पाय हलत नसले की पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ धरते, आणि ती फुप्फुसात गेली तर मृत्यू ओढवू शकतो. तरुण, धडधाकट मानसिक रुग्णही बांधलेल्या अवस्थेत असे गेले आहेत. उताणं बांधलेल्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. पालथं घालून पाठीवर दाब दिला तर श्वासच कोंडतो. माकडहाडावर व्रण पडायला काही तास पुरतात.

आता सहीचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हा 29 मे 2018पासून लागू आहे. त्याच्या 97व्या कलमात शारीरिक बंधनाच्या अटी दिल्या आहेत, आणि नातेवाइकांची संमती ही त्यातली अटच नाही. रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका हवा, तो टाळायला दुसरा कोणताही मार्ग उरलेला नसावा, आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने परवानगी दिलेली असावी. धोका टळला की बंधन सुटलं पाहिजे. कोणत्या पद्धतीने, कशासाठी आणि किती वेळ बांधलं याची नोंद लगेच केसपेपरवर व्हायला हवी. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने बोलणाऱ्या, बहुधा घरच्याच माणसाला, 24 तासांत कळवावं लागतं, आणि अशा सर्व घटनांचा अहवाल दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे रुग्णांच्या हक्कांसाठी याच कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे, जावा लागतो. म्हणजे घरच्यांना कळवायचं असतं, त्यांच्याकडून आगाऊ मोकळीक घ्यायची नसते. भरती करतानाच ‘गरज पडल्यास बांधण्यास हरकत नाही’ या ओळीखाली जी सही घेतली जाते, ती यातली एकही अट पूर्ण करत नाही. खोलीत एकटं कोंडून ठेवायला तर या कायद्यात परवानगीच नाही.

डिमेन्शियाचा याच्याशी काय संबंध, असं अनेकांना वाटतं. कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या वाचली तर तिच्यात स्मृतीचा आणि स्थळकाळाच्या भानाचा गंभीर बिघाड स्पष्टपणे येतो. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेऊन त्यांची काळजी घेणारी संस्था ‘आम्ही मनोरुग्णालय नाही’ एवढं म्हणून सुटू शकत नाही, असं माझं मत आहे. नातेवाइकांसोबतचं राहतं घर मात्र कायद्याने संस्थेच्या व्याख्येतून वगळलं आहे. तरीही घरात सगळं चालतं असं नाही. 95व्या कलमाने मानसिक रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे, आणि त्यात जागेची अट नाही. भारतीय न्याय संहितेत बेकायदा कोंडून ठेवणं हा वेगळा गुन्हा आहेच.

साखळीवर इतकी सरसकट बंदी का, हे तमिळनाडूतल्या एरवाडीने दाखवलं आहे. 6 ऑगस्ट 2001च्या पहाटे तिथल्या एका खासगी आश्रमाच्या झापांच्या शेडला आग लागली आणि साखळ्यांनी जखडलेली 28 माणसं मेली. त्यांच्या घरच्यांनी त्यांना तिथे बरं होण्यासाठीच ठेवलं होतं.

माणसं कमी असल्याची सबब कायद्याने नाव घेऊन नाकारली आहे. केवळ कर्मचाऱ्यांच्या तुटवड्यामुळे किंवा शिक्षा म्हणून बांधता येत नाही, असं 97वं कलम सांगतं. रात्रपाळीत एक सिस्टर आणि एक मावशी सगळा वॉर्ड ओढतात, ते काही खोटं नाही. पण नीट बांधायचं तर मनुष्यबळ जास्तच लागतं. उशाकडची बाजू उंच ठेवायची, रुंद आणि मऊ पट्टे वापरायचे, पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी सैल जागा सोडायची. गाठ एका ओढीत सुटणारी हवी, आणि ती कठड्याला नाही, पलंगाच्या चौकटीला मारायची. दर 15 मिनिटांनी श्वास आणि बोटांचा रंग पाहायचा, साधारण दोन तासांनी एकेक हात-पाय सोडून हलवायचा, पाणी पाजायचं, लघवीला न्यायचं. एवढं करायला माणूस असेल तर बहुतेक वेळा बांधायची वेळच येत नाही. आणि माणूस नसेल, तर गॉजपट्टीने मनगट बांधलेला रुग्ण सकाळपर्यंत कोणाच्या नजरेत नसतो. देखरेखीसोबत केलेलं बंधन क्वचित योग्य ठरतं. देखरेखीऐवजी केलेलं बंधन बेकायदा तर आहेच, जिवावर बेतणारंही आहे.

मग करायचं काय, ते एका कल्पित पण नेहमीच्या उदाहरणाने पाहू. 80 वर्षांच्या आजी, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरची दुसरी रात्र. दिवसभर शांत होत्या, आता सलाइन उपटतात, उठून घरी जायचं म्हणतात, मुलीला ओळखत नाहीत. लोक याला ‘वातात बरळणं’ म्हणतात, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. हा हट्ट नाही, शरीरातल्या कशाचा तरी परिणाम आहे, म्हणून पहिला प्रश्न ‘बांधू का’ हा नसतोच. लघवीची नळी तुंबून ओटीपोट फुगलंय का? वेदनाशामकाचा डोस चुकलाय का? ऑक्सिजन, साखर, सोडियम कमी आहे का? झोपेची किंवा सर्दीची गोळी नव्याने सुरू झालीये का? शौचाला किती दिवस झाले? मग सलाइन रात्री थांबवता येत असेल तर थांबवायचं आणि सुई बाहीखाली झाकायची. लघवीची नळी गरजेची नसेल तर काढायची. चष्मा आणि कानाचं यंत्र, जे बहुधा घरी राहिलेलं असतं, ते आणायचं. मंद दिवा, पलंग सर्वांत खाली, शेजारी ओळखीचं माणूस. अनेक आजी यातच सावरतात. झोपेचं इंजेक्शन देऊन गप्प करणं हीही बांधण्याचीच दुसरी तऱ्हा आहे. डिमेन्शियाच्या रुग्णांत काही मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो.

अपराधीपणाबद्दल एवढंच म्हणेन, की थकलेल्या मुलीला किंवा सुनेला कोणी गुन्हेगार ठरवू नये. पण तिला चुकीचा दिलासाही देऊ नये. तिने वॉर्डात लेखी विचारावं: परवानगी कोणी दिली, किती वाजता बांधलं, त्याआधी काय काय करून पाहिलं, केव्हा सोडणार. मानसिक उपचारांच्या संस्थेत उत्तर मिळालं नाही, तर रुग्ण स्वतः किंवा त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करू शकतो. त्या अर्जाला शुल्क नाही.