बोलणं तुटलेला भाऊ गेल्यावर बहिणीला काय लिहायचं?

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा थोरला भाऊ मध्यंतरी गेला. अकरा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. माहेर तासगावकडचं, ती लग्न होऊन सांगलीत आलेली. वडील गेल्यावर द्राक्षबागेचा विषय निघाला, भावानं हक्कसोड पत्र पुढं केलं आणि हिनं सही केली नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. "सही करायची नसंल तर माहेर संपलं समज," एवढं तो बोलला. त्या वर्षापासून भाऊबीज बंद झाली.

बातमी कळली त्या रात्री मी फोन हातात घेऊन बसले होते. आमच्या शाळेच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' यांची रांग लागलेली. त्या रांगेत हिच्यासाठी एक शब्द नव्हता. गावात भावाच्या घरी सतरंजी पडली होती, माणसं येऊन बसत होती, वहिनीला धीर देत होती. हिच्या फ्लॅटच्या दाराबाहेर मात्र चपलांचा एक जोड नव्हता. शेजारीण आली ती म्हणाली, "तुमचं तर येणं-जाणं नव्हतं ना?" म्हणजे दुःखाला बसायचं की नाही, हेसुद्धा लोकच ठरवणार. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं 1989 मध्ये अशा दुःखाला वेगळं नाव दिलं. ज्याच्या दुःखावर त्याचा हक्कच कुणी मानत नाही, असं दुःख. आपल्याकडे घटस्फोट झालेल्या बायकोचं, बोलणं टाकलेल्या बहिणीचं, घरातून काढलेल्या मुलाचं दुःख याच खात्यात जातं.

लिहायला बसले आणि पहिल्यांदा आठवली ती माझी स्वतःची चूक. माझी आत्या नवऱ्यापासून वीस वर्षं वेगळी राहिली. त्याचा मार खाऊन निघाली होती. तो गेल्याची बातमी आली तेव्हा मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "सुटलीस गं आत्या." तिनं माझा हात बाजूला केला, आत गेली आणि दार लावून रडली. मला वाटलं होतं मी तिच्या बाजूनं बोलतेय. खरं तर काय वाटायला हवं ते मी तिला सांगत होते. 'रक्ताचं नातं तुटतं का कधी' म्हणणारे लोक करतात तेच, फक्त उलट्या बाजूनं.

म्हणून मैत्रिणीला मी असं लिहिलं:

"दादा गेल्याचं आत्ता कळलं. इतकी वर्षं तुमचं बोलणं नव्हतं, मला माहीत आहे. आत्ता तुला काय वाटतंय ते मी ठरवणार नाही. रडू येत असेल, राग येत असेल, काहीच वाटत नसेल, किंवा एकाच तासात हे सगळं होत असेल, तर माझ्यापाशी कशाचाच खुलासा करू नकोस. तो तुला सायकलच्या नळीवर बसवून शाळेत सोडायचा, ते मी पाहिलंय. सहीच्या वेळी तुझं काय झालं, तेही पाहिलंय. मातीला जायचं असेल तर मी बरोबर येते. जायचं नसेल तर तुझ्या घरी येऊन बसते. उत्तर नाही दिलंस तरी चालेल."

यातलं सायकलचं आणि सहीचं वाक्य मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवलं. नुसती सायकल लिहिली असती तर 'बघ, किती चांगला होता' असा टोमणा तिला ऐकू आला असता. नुसती सही लिहिली असती तर रडायची वाट बंद झाली असती. आणि दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिलेल्या होत्या. 'शेवटी तुझीच आठवण काढत होता' हे वाक्य लोक फार सहज लिहितात. तुम्ही त्याच्या उशाशी होतात का? नसाल तर लिहू नका. ती बाई पुढची दहा वर्षं त्या एका वाक्याशी भांडत बसेल, की आठवण काढत होता तर मग फोन का केला नाही.

माझ्या आत्यासारखी गोष्ट असेल, मारहाणीची, छळाची, तर चांगली आठवण आपण होऊन काढूच नये. तिथं 'बातमी कळली, तुझी आठवण आली, मी आहे' एवढं पुरतं. गोड आठवण काढायची तर तिची तिनं काढावी. आणि भांडण कशावरून झालं ते माहीत नसेल, तर त्याचा उल्लेखही नको, चौकशी तर नकोच.

मैत्रिणीचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. "मातीला गेले नाही. दहाव्याला येशील?"

दहावा हरिपूरला होता, कृष्णा-वारणेच्या संगमावर. पिंड ठेवले, माणसं मागं सरकली. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. वहिनी बोलली, मुलगा बोलला, "बागेचं कर्ज मी फेडतो" म्हणाला. अर्धा तास गेला. मग चुलत्यांनी मागं वळून हिच्याकडं बघितलं. "बहिणीत जीव अडकला आसंल. पोरी, पुढं ये. राग सोडला म्हण."

सगळे बघत होते. ती दोन पावलं पुढं गेली, पदर घट्ट धरून उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. तिचा हात माझ्या हातात होता, तो थरथरत होता. मला सांगायचंय ते इथंच आहे. मेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत माणसाकडून माफी वसूल करायची, आणि तीही चारचौघांत, हा कसला रिवाज? वर्षानुवर्षं जे घरात बसून सुटलं नाही, ते नदीकाठी कावळ्याच्या घाईसाठी सोडायचं? आपले सांत्वनाचे निरोपसुद्धा असेच असतात. 'आता सगळं विसर' हे लिहिणारा तिला त्या पिंडापुढंच ढकलत असतो.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी पुरा झाला. चुलते कुरकुरत निघून गेले. भावाचा मुलगा मात्र हिच्याजवळ आला आणि "आत्या, रिक्षा बघू का?" म्हणाला. अकरा वर्षांत त्यानं मारलेली ती पहिली हाक.

ज्यांनी निरोप पाठवलेत, त्यांनी तेराव्यानंतरही एकदा फोन करा. माहेरी निदान पंधरा दिवस माणसं असतात. हिच्यासारखीकडं पहिल्या दिवशीही नसतात, आणि बोलावंसं वाटायला तिला वेळ लागतो.

रिक्षा सांगलीत शिरेपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "सायकलची नळी टोचायची गं. तो आपला टॉवेल गुंडाळायचा तिला."

मी काही बोलले नाही. पुढच्या चौकात रिक्षा थांबली, तेव्हा ती बाहेर बघत म्हणाली, "सही मात्र मी आजही करणार नाही."

"नको करूस," मी म्हटलं. मग ती रडायला लागली.