भिंतीचे ९६ तुकडे: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

> लेख वाचला आणि नमुना फोनवर चालवून पाहिला. एक भिंत पाडली तर ठीक, पण शेजारच्या दोन भिंती एकाच स्फोटात पाडल्या की खेळ गोठतो. शिवाय भिंत आधीच फोडून ठेवलेली, म्हणजे दर वेळी तेच तुकडे. आणि मलबा दोन सेकंदांत गायब! आघात होईल तिथे, त्याच क्षणी भिंत का कापत नाही?

नमस्कार. खेळातली भिंत आधीच ९६ तुकड्यांत फोडून ठेवायची आणि आघात झाला की त्यातले काही सोडायचे, असं त्या लेखात मांडलं होतं. तुम्ही नमुना खरोखर चालवून पाहिलात, म्हणून उत्तरही नीट तपासून देतो आहे.

गोठण्याबद्दल तुमचं बरोबर आहे आणि चूक माझी आहे. मी ४० जिवंत, म्हणजे एका वेळी सुटे हलणाऱ्या, तुकड्यांची मर्यादा प्रत्येक भिंतीला लावली होती. ती पूर्ण दृश्याला लावायला हवी होती. दोन भिंती एकदम पडल्या की ८० तुकडे एकाच वेळी जागे होतात आणि एकमेकांवर आदळत राहतात. पण नुसत्या दुप्पट कामाने खेळ गोठत नाही, तो फक्त संथ होतो. गोठतो तो पुढच्या साखळीमुळे.

युनिटी या खेळ बनवायच्या इंजिनात भौतिकीचं, म्हणजे हालचाल आणि टकरींचं, गणित ठरावीक पावलांनी होतं. ते पाऊल मुळात ०.०२ सेकंदाचं असतं, म्हणजे सेकंदाला ५० पावलं. समजा फोनवर एका पावलाला २५ मिलिसेकंद लागले आणि चित्र काढायला १०. फ्रेम झाली ३५ मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात जवळजवळ दोन पावलांचं काम साचलं, म्हणून पुढच्या फ्रेमला दोन पावलं टाकावी लागतात आणि ती ६० मिलिसेकंदांची होते. त्यापुढची तीन पावलांची, मग चार. उधारी फेडायला नवी उधारी, असा प्रकार. हे `Maximum Allowed Timestep` या सेटिंगपर्यंत वाढत जातं, आणि ते मुळात ०.३३ सेकंद असल्यामुळे एका फ्रेममध्ये १६ पावलांपर्यंत मजल जाते. तुमच्याकडे हेच घडतंय का, हे युनिटीच्या Profiler या वेळ मोजणाऱ्या खिडकीत `Physics.Simulate` समोरच्या Calls च्या आकड्यावरून कळेल. तो एका फ्रेममध्ये १ वरून ४-५ वर गेला, तर हीच साखळी.

मी ते सेटिंग आता ०.०६ वर आणलं आहे. म्हणजे फार तर तीन पावलं. त्यापुढे खेळातला वेळ क्षणभर संथ होतो, पण पडदा अडकत नाही. आणि ४० ची मर्यादा आता एकाच ठिकाणी, सगळ्या भिंतींसाठी मिळून आहे:

```csharp
foreach (var p in loose)   // मोठे तुकडे आधी
{
    if (p.volume < minVolume || !budget.TryTake(p))
        dust.Burst(p.center, p.volume);
    else
        p.Release(impulse);
}
```

जागा उरली नाही किंवा तुकडा फारच लहान असेल, तर त्याला `Rigidbody`, म्हणजे तुकड्याला भौतिकीनुसार हलवणारा घटक, मिळतच नाही. त्याच्या जागी धूळ आणि कपच्यांचे कण उडतात. मोठे आधी हा क्रम भिंत बेक करतानाच, म्हणजे आधी फोडून साठवतानाच, ठरवून ठेवलेला आहे, आघाताच्या क्षणी पुन्हा लावत बसायचं नाही.

आता त्याच क्षणी कापण्याबद्दल. इथे मी माझ्या निर्णयावर ठाम आहे. भिंतीचा आकार बनवणारी त्रिकोणांची जाळी कापणं त्यातल्या त्यात सोपं. त्यानंतर कापलेली तोंडं त्रिकोणांनी बंद करायची, त्यांना टेक्स्चरचे निर्देशांक द्यायचे आणि प्रत्येक नव्या तुकड्याचा बहिर्वक्र कोलायडर, म्हणजे टकरी ओळखणारं खाचा नसलेलं अदृश्य आवरण, तयार करायचा. हे सगळं नेमकं स्फोटाच्या फ्रेममध्ये, जेव्हा धूर, आवाज आणि कॅमेऱ्याचा हादराही तिथेच असतो. आधी फोडलेल्या भिंतीत हे काम माझ्या संगणकावर होऊन गेलेलं असतं. अनेकांनी मिळून खेळायच्या खेळात आणखी एक फायदा आहे. ९६ तुकड्यांपैकी कोणते सुटले हे सांगायला ९६ बिट, म्हणजे १२ बाइट पुरतात. उशिरा आलेल्या खेळाडूला भिंतीची अवस्था एवढ्यात कळते.

आणि तुकडे तेच असले, तरी भोक तेच पडत नाही. नमुन्यातली भिंत ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच. १२ चौरस मीटरचे ९६ भाग, म्हणजे सरासरी एक तुकडा ०.१२५ चौरस मीटर. आघाताची त्रिज्या ०.६ मीटर धरली तर वर्तुळ साधारण १.१३ चौरस मीटरचं. त्यात सुमारे ९ तुकडे सुटतात, ९६ नव्हे. कोणते ९, हे गोळी कुठे लागली त्यावर ठरतं. मग उरलेल्यांना आधार आहे का हे पाहायला पायाशी टेकलेल्या तुकड्यांपासून शेजाऱ्या-शेजाऱ्याने वर चढत जायचं. ज्यांच्यापर्यंत पोहोचता आलं नाही, ते अधांतरी. हे शेजारसंबंधही बेक करतानाच नोंदवलेले असतात. एका थराच्या भिंतीत ते जास्तीत जास्त २८२ निघतात, त्यामुळे ही पाहणी फोनलाही जड जात नाही.

अधांतरी राहिलेला भाग मी सुटा करत नाही. तो एकच मोठा देह म्हणून खाली येतो आणि जमिनीला लागल्यावर, मर्यादेत जागा असेल तेवढाच फुटतो. वरची ३० तुकड्यांची पट्टी कोसळताना मर्यादेतली एकच जागा खाते, आणि खऱ्या भिंतीसारखी सलग येते.

तरीही शेजारी-शेजारी एकसारख्या भिंती उभ्या असतील तर तड्यांची नक्षी ओळखू येते, हे मान्य. तडे आरपार असतील आणि दोन्ही बाजूंचा गिलावा सारखा असेल, तर भिंत उभ्या अक्षाभोवती १८० अंश फिरवा. समोरून नक्षी आरशातल्यासारखी उलटी दिसते. तीन नक्ष्यांच्या सहा होतात. उणे स्केल देऊन मात्र उलटवू नका, कोलायडर पुन्हा तयार करावे लागतात.

गायब होणाऱ्या मलब्याचं मलाही खटकत होतं. वेळ मोजून पुसून टाकणं हा आळशी उपाय होता. आता तुकडा स्थिरावला की त्याचा `Rigidbody` काढून घेतो, मर्यादेतली जागा मोकळी होते आणि तुकडा दिसत राहतो. उतारावर काही तुकडे थरथरत राहतात, कधी झोपतच नाहीत. चार सेकंदांनंतर वेग ०.१ मीटर प्रति सेकंदाच्या खाली असेल तर त्यांनाही गोठवतो. असे २०० तुकडे दृश्यात राहू देतो. त्यापुढे कॅमेऱ्याबाहेरचे काढायचे, पण सगळ्यात जुना आधी असं करू नका. जुने ढिगाऱ्याच्या तळाशी असतात. ते गेले की वरचे हवेत लटकतात. सगळ्यात उंचावरचा आधी काढायचा.

दुरुस्त नमुना चालवताना एक चाचणी आवर्जून करा. स्फोटाचं बळ आणि गुरुत्व दोन्ही शून्य करून सगळे तुकडे सोडा. तरीही ते उडाले, तर कोलायडर एकमेकांत घुसलेले आहेत. तुकड्यांची आतली तोंडं खडबडीत केली की असं होतं, कारण बहिर्वक्र आवरण खाचा भरून काढतं आणि शेजाऱ्यात शिरतं. मी कोलायडर केंद्राकडे ४ टक्के आक्रसवले आणि घुसलेले तुकडे एकमेकांपासून ढकलले जाण्याचा कमाल वेग, `maxDepenetrationVelocity`, १ वर ठेवला.

एक गोष्ट अजून पक्की झालेली नाही. दारावरचा भाग कधीकधी एका चिंचोळ्या कपचीच्या आधारावर लटकून राहतो. सध्या ०.०२ चौरस मीटरपेक्षा कमी स्पर्श असलेला शेजारी आधार म्हणून धरत नाही. पण लहान तुकड्यांच्या भागात यामुळे भिंत गरजेपेक्षा जास्त कोसळते. तुमच्या फोनवर दाराची भिंत वरच्या कोपऱ्यात फोडून काय होतं ते कळवा, आकडा त्यावरून बदलतो.