हात वर न करता लिहिलेलं पत्र

टेलरकाकांना सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं कारण एवढंच, की तुमच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. गळ्यात टेप अडकवून तुम्ही नुसतं "काय झालं?" विचारलंत तरी मी "छान झालाय" म्हणून मोकळी होते. परवाही तेच झालं. नवा ब्लाउज घालून मी हात खाली सोडून आरशासमोर उभी होते, तुम्ही म्हणालात, "बघा, कसा अंगावर बसलाय!" बसलाय खरा. उठायचं नाव घेत नाही.

गळा सुरेख, पाठ सुरेख, हुकं जिथल्या तिथे. फक्त मुंढा तेवढा घट्ट आहे. हात खांद्याच्या वर जात नाही. केसांना क्लिप लावायची तर डोकंच हाताकडे न्यावं लागतं. लांबून कोणी हात केला, तर मी कोपरापासून पुढचाच हलवते. लोकांना वाटतं, ही हल्ली फार आखडलीय. ब्लाउज काढायला नवऱ्याला हाक मारावी लागली. निघाला तेव्हा काखेशी शिवणीचा असा ठसा होता, की टाके मोजून घ्यावेत.

मग मापाचा जुना ब्लाउज आणि हा, दोन्ही उलटे केले आणि मुंढ्याच्या शिवणीवरून टेप फिरवली. जुना 16 इंच, नवा 15. छाती दोन्हींची सारखीच. (जुना ब्लाउज सहा वर्षांचा आहे आणि दंड काही तेव्हाचे राहिले नाहीत, हे कबूल. पण तो अजून होतो हो!)

आता विनंती. रागावू नका, पण मुंढा खालून कापून खोल करू नका. मागे एकीकडे तसं करून दिलं होतं. काच गेला, पण हात उचलला की अख्खा ब्लाउज बाहीमागोमाग वर यायचा. शिवाय कापलेलं कापड परत येत नाही.

आत माया बोटभर सोडलीय तुम्ही, त्याबद्दल खरंच धन्यवाद. काखेतली शिवण उसवून पुढून अर्धा आणि मागून अर्धा इंच सोडलात की मुंढा 16 भरेल. बाहीही काखेशी तेवढीच सोडा, नाहीतर मोठ्या मुंढ्याला छोटी बाही पुरायची नाही. छातीत ढगळ नको, म्हणून खाली दोन-तीन इंचांत जुन्या शिवणीला मिळवून घ्या. आणि अस्तर! वरचं कापड सैल करून अस्तर तसंच राहिलं, तर मी आतल्या आत अडकेन. जुन्या टिपेची भोकं दिसली तरी चालतील, काखेत कोण बघतंय?

उसवायची मजुरी वेगळी सांगा, देईन. या वेळी मात्र ट्रायलला मी दोन्ही हात वर करून उभी राहणार आहे. दुकानातल्या बाकीच्यांना आधीच कल्पना द्या.

आपली,
जुनी गिऱ्हाईक

ता. क. : दुसरं कापड याच मापाने बेतलं असेल, तर कात्री खाली ठेवा. मी निघालेच.