लाल झालेलं फूल खुडू नका, बोंड त्याच्याच बुडाशी आहे

"कपाशीच्या फुलाचा हा आडवा-उभा छेद नीट पहा. १) परागकण नळीतून खाली जातो आणि त्याचंच बी होतं, एका कणाचं एक बोंड. २) फूल लाल पडलं म्हणजे फलन फसलं. अशी फुलं लगेच तोडा, झाडाची ताकद वाचते. ३) परागकण फुगायला पाणी लागतं, सकाळी फुलांवर फवारा मारा. सर्व शेतकरी बांधवांना पाठवा."

कपाशीच्या फुलाच्या एका चित्राखाली लिहून आलेला हा निरोप, अन् पाठवला ना बांधवांनी. आमच्या मोठ्या बाबांनी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बायांना वावरात लाल फुलं खुडायलाच लावलं, मला कळेपर्यंत धुऱ्यावर ढीग पडला होता. गंमत अशी की चित्रातली नावं बरोबर आहेत, वर कुक्षी, मधे कुक्षीवृंत, खाली अंडाशय, त्यात बीजांडं. गोंधळ आहे तो खालच्या मजकुरात.

आधी दुसऱ्या मुद्द्याचं पाहू, कारण नुकसान त्यानंच केलं. आपल्या बीटी कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा दुधी पांढरं असतं, संध्याकाळकडे गुलाबी व्हायला लागतं अन् दुसऱ्या दिवशी लाल. हा रंग फुलाचं वय सांगतो, बाकी काही नाही. आता आत काय चाललेलं असतं ते बघा. उमलल्या दिवशीच सकाळी परागकोष फुटतात, कण कुक्षीला चिकटतात आणि थोड्याच वेळात प्रत्येक कणातून एक बारीक नलिका निघून कुक्षीवृंतातून खाली सरकायला लागते. ती बीजांडापर्यंत पोचून फलन व्हायला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे फूल लाल दिसतं नेमक्या त्याच वेळी आत फलन होत असतं नाहीतर नुकतंच झालेलं असतं, आणि हे म्हणतात तोडा! खोटं वाटत असेल तर एक लाल फूल घ्या (एकच), दाढीच्या ब्लेडनं देठापासून उभं कापा. सुकत चाललेल्या पाकळ्यांच्या बुडाशी हिरवा दाणा दिसेल, त्याच्या आत कप्प्याकप्प्यांत पांढरी बीजांडं ओळीनं बसलेली. तेच बोंड. अन् त्या बीजांडांच्या सालीवर रुईचे धागे उमलल्या दिवसापासूनच उठायला लागलेले असतात, एक धागा म्हणजे एकच पेशी. फूल खुडलं की हे सगळं हातात येतं आणि झाडावर नुसता देठ राहतो. ताकद कसली वाचवली?

फलन खरंच फसलं तर काही दिवसांत झाड ते पिल्लू बोंड आपणच गाळतं, त्यासाठी मजुरी द्यायची गरज नाही.

आता "एका कणाचं एक बोंड". बोंडात चार-पाच कप्पे, प्रत्येकात सात-आठ सरक्या धरल्या तरी तीसेक झाल्या. प्रत्येक सरकीला स्वतःची वेगळी परागनलिका लागते, म्हणजे एका बोंडामागं तीसेक कणांनी काम फत्ते केलेलं असतं. आणि कणाचं बी होत नाही, बी होतं बीजांडाचं. नलिका बीजांडाच्या बारीक छिद्रातून आत शिरते आणि दोन नर पेशी सोडते, एक अंडपेशीला मिळून गर्भ होतो, दुसरी मधल्या केंद्रकांना मिळून त्या गर्भाचं खाणं तयार होतं. हे दुहेरी फलन नवाशिन नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८९८ मध्येच दाखवून दिलंय. एखाद्या कप्प्यात पुरेशा नलिका पोचल्या नाहीत तर तिथली बीजांडं पोचट राहतात आणि बोंड एका बाजूनं चपटं, वाकडं होतं. वेचताना असं बोंड हातात आलं की समजायचं, त्या कप्प्याला पराग कमी पडला.

फवाऱ्याचं तर उलटंच आहे. कपाशीचा परागकण पाण्यात पडला की फुगून फुटतो, मग नलिका कुठून निघणार? उमलायच्या वेळी सकाळी पाऊस झाला की बोंडं कमी धरतात ते यामुळंच. फवारणी करायचीच असेल तर दुपार उलटल्यावर, फुलं मिटत आल्यावर करा.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजानं. फुलं तोडा हा सल्ला अगदी हवेतून आलेला नाही. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगते की गुलाबी बोंडअळीची डोमकळी दिसली की खुडून नष्ट करा, आणि ते शंभर टक्के करायचंच. पण डोमकळी म्हणजे लाल फूल नव्हे. अळी आतून धाग्यानं पाकळ्या बांधून टाकते, त्यामुळं ती कळी धड उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखी पिळवटून मिटलेली राहते आणि पाकळ्या सोडवल्या की आत परागकोष खात बसलेली अळी सापडते. साधं लाल फूल आधी नीट उमललेलं असतं, नंतर लोंबकळतं, पाकळ्या अलगद सुटतात आणि आत अळी नसते. तेव्हा बायांना वावरात पाठवायच्या आधी दोन्ही फुलं त्यांच्या हातावर ठेवून दाखवा, आणि खुडलेल्या डोमकळ्या धुऱ्यावर फेकू नका, त्यातली अळी परत पऱ्हाटीवरच येते. जाळा किंवा अळीसकट चेंगरून पुरा.